उतारा गायब, प्रश्न शिल्लक: नियोजन-नियंत्रणाची केस कशी सोडवायची

*मी एम.बी.ए.च्या पहिल्या सत्राला आहे. सरावासाठी मिळालेल्या जुन्या पेपरात नियोजन आणि नियंत्रणावर १५ गुणांची केस स्टडी आहे, पण उतारा फोटो म्हणून टाकलेला होता आणि तो फोटो आता फाइलमध्ये नाही. खाली फक्त प्रश्न उरलेत: (१) व्यवस्थापनाने नियोजन प्रक्रियेतला कोणता टप्पा नीट पार पाडला नाही? (४) (२) उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष काम यातली तफावत काढून कारणं सांगा. (४) (३) ‘नियोजन पुढे बघतं, नियंत्रण मागे बघतं’ यावर उताऱ्याच्या आधारे चर्चा करा. (३) (४) तुम्ही व्यवस्थापक असता तर काय सुधारणा केल्या असत्या? (४) मैत्रिणी म्हणतात, पुस्तकातले टप्पे लिहून टाक, गुण मिळतात. उतारा नसताना खरंच एवढंच करता येतं का?*
— एक विद्यार्थिनी, नाशिक

पुस्तकातले टप्पे लिहिलेस तर पहिल्या प्रश्नात एखादा गुण पदरात पडेल. दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात जवळजवळ काहीच मिळणार नाही, कारण या दोन्ही प्रश्नांचं उत्तर पुस्तकात नसतंच. ते उताऱ्यातल्या एखाद्या वाक्यात असतं: काम कमी का पडलं, हे सांगणाऱ्या वाक्यात. ते वाक्य कसं दिसतं आणि त्यावर अख्खं उत्तर कसं फिरतं, हे एकदा समजलं की उताऱ्याशिवायही या प्रश्नांचा चांगला सराव होतो.

आधी उतारा परत मिळतो का ते बघ, त्याला दहा मिनिटं पुरतात. फाइल वर्डची असेल तर तिची एक प्रत काढ, नावाच्या शेवटचं `.docx` बदलून `.zip` कर आणि उघड. आत `word` नावाचा फोल्डर असतो आणि त्यात `media`. पानावर दिसत नसलेलं चित्र कधीकधी तिथे सापडतं, उदाहरणार्थ ते चौकटीबाहेर सरकलेलं किंवा मजकुराखाली दबलेलं असेल तेव्हा. चित्र पुसून फाइल पुन्हा सेव्ह केली असेल, किंवा चित्र दुसऱ्या संगणकावरून नुसतं जोडलेलं असेल, तर मात्र तिथेही काही मिळणार नाही. फाइल पीडीएफ असेल तर ती दुसऱ्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ॲपमध्ये उघडून बघ. आणि सगळ्यात सोपं म्हणजे आदल्या वर्षीच्या कुणाकडे छापील पेपर आहे का, ते विचार.

नाहीच मिळाला, तर उरलेले प्रश्न नीट वाच. उताऱ्यात काय होतं हे त्यांच्यावरून बरंच कळतं. पहिला प्रश्न ‘कोणता टप्पा नीट पार पाडला नाही’ असं विचारतो, म्हणजे योजना केलेली होती आणि तिच्यात एक ठळक उणीव होती. योजनाच नसती तर प्रश्न वेगळा आला असता. दुसरा प्रश्न तफावत ‘काढायला’ सांगतो, म्हणजे उताऱ्यात आकडे होते: ठरवलेलं किती आणि झालेलं किती. चौथा प्रश्न तुला व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसवतो, म्हणजे गोष्ट मधेच थांबलेली असणार, मुदत संपायला अजून दिवस उरलेले असणार. मुदत संपून गेली असती तर सुधारायला काही उरलंच नसतं. तिसरा प्रश्न तेवढा सैद्धांतिक आहे. तो जवळपास कोणत्याही केसवर लिहिता येतो.

या खुणा धरून स्वतःच एक उतारा रचायचा. सरावाची ही सगळ्यात चांगली पद्धत आहे, कारण उतारा रचताना कळतं की एक वाक्य बदललं की उत्तर कुठल्या कुठे जातं. एक नमुना पूर्ण करून दाखवते. आकडे सरावासाठी घेतलेले आहेत आणि मुद्दाम सोपे ठेवले आहेत.

शाळेचे गणवेश शिवणारं एक छोटं युनिट धरू. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी ६,००० शर्टांचं काम घेतलं. मुदत कामाच्या ३० दिवसांची, आठवड्याचे सहा दिवस धरून पाच आठवडे. शिलाईला १० कारागीर आणि १० मशीन. गेल्या वर्षीच्या अनुभवावरून एका शर्टाच्या शिलाईला २४ मिनिटं धरली. आठ तासांची ४८० मिनिटं भागिले २४, म्हणजे एका कारागिराचे दिवसाला २० शर्ट आणि दहा जणांचे २००. तीस दिवसांत बरोबर ६,०००. दोन आठवडे झाल्यावर, म्हणजे १२ दिवसांनी, मालकाने पहिल्यांदा मोजलं. हातात २,४०० शर्ट असायला हवे होते, होते १,९२०.

तफावत ४८० शर्टांची, बारा दिवसांच्या उद्दिष्टाच्या २० टक्के. रोजचे सरासरी १६० झाले, ठरलेल्या २०० ऐवजी. बहुतेक विद्यार्थी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपवतात आणि कारणं म्हणून ‘कर्मचाऱ्यांत प्रेरणेचा अभाव, देखरेखीचा अभाव, समन्वयाचा अभाव’ अशी माळ लावतात. तपासणारे अशा माळा शेकड्याने वाचतात आणि त्यांना काही देत नाहीत, कारण यातलं एकही कारण आकड्यातून निघालेलं नसतं.

आता रोजचे १६० शर्ट कसे होऊ शकतात ते बघ. पहिली शक्यता अशी की मे महिना लगीनसराईचा, दहापैकी दोन कारागीर सरासरी रोज गैरहजर. आठ जण गुणिले २०, झाले १६०. दुसरी शक्यता, दहाही जण हजर आहेत पण रोज ९६ मिनिटं वीज नसते. मग प्रत्येकाला ३८४ मिनिटं मिळतात, त्यांत १६ शर्ट होतात, दहा जणांचे १६०. तिसरी शक्यता, दहाही जण हजर, वीजही पूर्ण वेळ, पण यंदाच्या शर्टाला कॉलरवर पायपिंग आणि खिशावर शाळेचा बिल्ला आहे. त्यामुळे एका शर्टाला २४ नव्हे, ३० मिनिटं लागतात. ४८० भागिले ३०, पुन्हा १६, पुन्हा १६०.

तिन्हीकडे तफावत तीच, टक्केवारी तीच, पण उत्तर पूर्णपणे वेगळं. नियोजन-नियंत्रणाच्या केसचा सगळा जीव इथे आहे, म्हणून इथे जरा थांब. पहिल्या आणि दुसऱ्या शक्यतेत एका शर्टाला २४ मिनिटं हे प्रमाणक बरोबर होतं. कमी पडले ते कारागीर किंवा तास. तिसऱ्या शक्यतेत कारागिरांनी काहीच कमी केलेलं नाही. ते पूर्ण वेळ पूर्ण वेगाने शिवत होते, चूक होती ती ज्या प्रमाणकाशी त्यांची तुलना केली त्या प्रमाणकात. तिथे कारागिरांवर देखरेख वाढवून एकही शर्ट वाढणार नाही. उलट घाईने शिलाई उसवेल आणि नाकारलेले नग वाढतील.

मग नेमकं कारण कोणतं, हे व्यवस्थापकाला कळायचं कसं? त्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. हजेरीपटावरून रोज किती जण आले. मशीन बंद असलेल्या वेळेची नोंद, म्हणजे किती मिनिटं काम थांबलं. आणि घड्याळ लावून एका शर्टाची प्रत्यक्ष शिलाई, एकाच कारागिराची नव्हे, तीन-चार वेगवेगळ्या कारागिरांची आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. नुसते तयार शर्ट मोजले तर तफावत कळते, कारण कळत नाही. शिवाय कारणं एकत्रही येतात: एक जण गैरहजर आणि रोज सुमारे ५३ मिनिटं वीज नाही, तरी शर्ट १६०च होतात. तुझ्या दुसऱ्या उत्तरात ‘कारण ठरवण्यासाठी हजेरी, बंद वेळ आणि प्रति शर्ट मिनिटं या तिन्ही नोंदी तपासायला हव्यात’ हे एक वाक्य आलं, तर ते अख्ख्या माळेपेक्षा वजनदार ठरतं. मोजताना एक काळजी घ्यायची, ती म्हणजे तपासणीतून पास झालेलेच शर्ट मोजायचे. शिवून झालेले पण काज चुकलेले किंवा मापात न बसलेले शर्ट मोजले गेले, की कागदावर काम वेळेवर दिसतं आणि मालाची गाडी भरताना खड्डा सापडतो.

हे कळलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप सुटतं. नियोजनाचे टप्पे ढोबळ मानाने असे शिकवतात: उद्दिष्ट ठरवणं, गृहीतकं मांडणं, पर्याय शोधणं, त्यांची तुलना करणं, एक निवडणं, त्यानुसार उपयोजना करणं, अंमलबजावणी आणि शेवटी पाठपुरावा. आपल्या नमुन्यात उद्दिष्ट स्पष्ट आहे, मुदत स्पष्ट आहे, रोजचा आकडाही काढलेला आहे. ढासळली ती गृहीतकं. लगीनसराईत शंभर टक्के हजेरी धरली, किंवा वीज अखंड असेल असं धरलं, किंवा यंदाचा शर्ट गेल्या वर्षीसारखाच असेल असं धरलं. शिवाय पाठपुरावाही उशिरा, बाराव्या दिवशी झाला. पण प्रश्न एकच टप्पा विचारतो, तेव्हा एकच ठरवायचा आणि तो का, हे आकड्याने दाखवायचं. कारण पहिलं असेल तर लिही: ‘हजेरीचं गृहीतक चुकलं. योजना रोज १० जणांवर आधारलेली होती, प्रत्यक्षात सरासरी ८ आले.’ टप्प्याचं नाव आणि त्यामागचा पुरावा दोन्ही एका वाक्यात आले की चार गुणांचं उत्तर उभं राहतं. पुढे एक-दोन वाक्यांत हे गृहीतक आधी कसं तपासता आलं असतं ते लिही. कारागिरांना एप्रिलमध्येच सुट्ट्यांचे दिवस विचारता आले असते. शर्टाच्या बाबतीत तर फक्त एक नमुना शिवून घड्याळ लावायचं होतं, अर्ध्या तासाचं काम.

गृहीतक चुकणं आणि काम चुकणं यातला फरक मोठ्या कामांतही तसाच दिसतो. कोकण रेल्वेचं काम १९९० मध्ये हाती घेतलं तेव्हा पाच वर्षांचा अंदाज होता. संपूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला. उशिराची कारणं एकापेक्षा जास्त होती, गोव्यात मार्गावरून झालेला विरोध हे त्यातलं एक. दुसरं कारण मऊ मातीतले बोगदे, विशेषतः पेडण्याचा. कठीण खडकात सुरुंग लावून पुढे जाण्याची पद्धत तिथे उपयोगाची नव्हती, खणलेली माती पुन्हा ढासळत होती. अशा ठिकाणी मजुरांवर दबाव वाढवून माती घट्ट होत नाही, खणण्याची पद्धत आणि वेळेचा हिशेब दोन्ही बदलावे लागतात. तिसऱ्या शक्यतेतल्या शर्टाची गोष्ट हीच आहे, फक्त आकाराने लहान.

आता चौथा प्रश्न, आणि इथे सगळ्यात मोठी चूक होते. विद्यार्थी लिहितात, ‘गैरहजर कारागिरांच्या जागी बदली कारागीर आणावेत, म्हणजे उत्पादन पूर्ववत होईल.’ पूर्ववत झालं तरी काम पुरं होत नाही. हिशेब करून बघ. तेराव्या दिवसापासून रोज २०० शर्ट झाले तर उरलेल्या १८ दिवसांत ३,६०० होतात. आधीचे १,९२० मिळवले की ५,५२०. मागचे ४८० तसेच राहतात. सुधारात्मक कृतीला दोन कामं असतात: पुढची गळती थांबवणं आणि मागचा खड्डा भरून काढणं. दुसरं काम बहुतेक उत्तरांत नसतंच.

उरलेले शर्ट ४,०८०, दिवस १८. रोज साधारण २२७ हवेत. पहिल्या शक्यतेत, बदली कारागीर आणून दहाची हजेरी पूर्ण केली तर २०० होतील, उरलेल्या सुमारे २७ शर्टांसाठी रोज एकूण ६४० मिनिटं जास्त लागतील. दहा जणांत वाटली तर प्रत्येकी ६४ मिनिटं, म्हणजे रोज तासाभराचा ओव्हरटाइम. हे जमण्यासारखं आहे. फक्त त्याची किंमत उत्तरात लिहायची: कारखान्यांना लागू असलेल्या कायद्यात ओव्हरटाइमचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट आहे, त्यामुळे नफा तेवढा कमी होणार. नवा बदली कारागीर पहिल्याच दिवशी २० शर्ट देणार नाही, हेही धरायचं. म्हणून हिशेबात थोडी जागा ठेवायची, तासाऐवजी सव्वा तास.

दुसऱ्या शक्यतेत वीज कधी जाते ते आधी माहीत असेल, तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कामाची वेळ हलवणं. सकाळी लवकर सुरू करून वीज नसलेल्या वेळेत जेवणाची सुट्टी आणि ज्या कामाला मशीन लागत नाही ते काम, म्हणजे धागे कापणं, घडी, बटणं तपासणं. वीज जाण्याची वेळ ठरलेली नसेल तर जनरेटरचं भाडं आणि डिझेल यांचा खर्च एका बाजूला आणि उशिराचा दंड दुसऱ्या बाजूला मांडायचा. इथेही मागच्या ४८० शर्टांसाठी तासाभराचा ओव्हरटाइम लागतोच.

तिसऱ्या शक्यतेत ओव्हरटाइमचं उत्तर चालत नाही, आणि का चालत नाही हे आकड्यानेच दिसतं. ४,०८० शर्टांना प्रत्येकी ३० मिनिटं, म्हणजे १,२२,४०० मिनिटं. दहा कारागिरांची १८ दिवसांतली मिनिटं आहेत ८६,४००. कमी पडतात ३६,०००, म्हणजे ६०० तास. प्रत्येकाला रोज तीन तास वीस मिनिटं जास्त बसवावं लागेल, तेही सलग १८ दिवस. हा उपाय माणसांना झेपणारा नाही आणि शिलाईचा दर्जाही टिकणार नाही. म्हणून इथे नियंत्रणातून बाहेर पडून पुन्हा नियोजनाकडे जावं लागतं, पर्याय शोधण्याच्या टप्प्याकडे. रोज १६० प्रमाणे १८ दिवसांत २,८८० शर्ट होतील, उरतील १,२००. ते बाहेरच्या एखाद्या युनिटला जॉबवर्कवर द्यायचे, किंवा शाळांशी बोलून माल दोन टप्प्यांत द्यायचा: शाळा उघडताना प्रत्येक मुलाला एक शर्ट आणि दुसरा आठवड्याभराने. किंवा पायपिंग आणि बिल्ला लावणं हे काम शिलाईपासून वेगळं काढून दोन मदतनिसांकडे द्यायचं, म्हणजे कारागिराचा वेळ पुन्हा २४ मिनिटांच्या जवळ येईल. यातला शेवटचा पर्याय मला सगळ्यात चांगला वाटतो, कारण तो पुढच्या वर्षीही कामी येतो. मात्र तो एका दिवसात बसत नाही, म्हणून थोडा माल बाहेर देण्याची तयारी त्याच्या जोडीला हवी. आणि तिन्ही पर्यायांत एक गोष्ट करायलाच हवी, ती म्हणजे प्रमाणक बदलणं. उद्यापासून प्रत्येकाकडून २० ऐवजी १६ शर्टांची अपेक्षा, आणि मदतनिसांची पद्धत बसली तर पुन्हा मोजून नवा आकडा. चुकीचं प्रमाणक तसंच ठेवलं तर रोज तफावत दिसत राहील आणि खरी तफावत त्यात लपून जाईल.

तिसऱ्या प्रश्नात दिलेलं विधान अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं कुठे खरं आणि कुठे नाही हेच लिहायचं आहे. नियोजन पुढच्या ३० दिवसांचं होतं, हे खरं. पण त्यातली २४ मिनिटं आली गेल्या वर्षीच्या नोंदींतून, म्हणजे नियोजनाने मागे पाहिलंच. नियंत्रणाने मागचे १२ दिवस मोजले, हेही खरं. पण त्या मोजमापातून निघालेला २२७ हा आकडा पुढच्या १८ दिवसांसाठी आहे. शिवाय काही नियंत्रण तर काम सुरू होण्याआधीच करायचं असतं. नमुन्याचा शर्ट शिवून वेळ मोजणं, कापडाचे तागे आल्याबरोबर रुंदी आणि डाग तपासणं, ही नियंत्रणाचीच कामं आहेत आणि ती पुढे बघतात. तीन गुणांना एवढं पुरेसं आहे. हेन्री फेयॉलने नियोजन आणि नियंत्रण ही दोन्ही व्यवस्थापनाची कार्यं म्हणून मांडली, एवढा उल्लेख हवा तर कर, पण तीन गुणांच्या उत्तरात इतिहासावर एका ओळीपेक्षा जास्त जागा घालवू नकोस.

याच प्रश्नात आणखी एक मुद्दा आला तर उत्तर वरच्या दर्जाचं होतं: मोजायचं कधी. आपल्या मालकाने बाराव्या दिवशी मोजलं. सहाव्या दिवशी मोजलं असतं तर ९६० शर्ट झालेले दिसले असते, ५,०४० उरलेले आणि २४ दिवस हातात. रोजचे २१०, म्हणजे ठरलेल्यापेक्षा फक्त दहा जास्त. बाराव्या दिवशी तेच २२७ झाले. अठराव्या दिवशी कळलं असतं तर २६०, आणि चोविसाव्या दिवशी ३६०. शेवटच्या आकड्याला कोणताही उपाय उरत नाही, तिथे फक्त माफी मागता येते. तफावत रोज सारखीच वाढते, पण ती भरून काढण्याचा भार शेवटाकडे झपाट्याने चढतो, कारण उरलेले दिवसही कमी होत जातात. पाठपुरावा हा नियोजनाचाच टप्पा का मानतात, याचं कारण या चार आकड्यांत आहे.

म्हणून रोज सगळंच मोजायचं का? नाही. युनिटमध्ये कटिंग आहे, शिलाई आहे, काज-बटण आहे, इस्त्री आहे. यातली शिलाई सगळ्यात हळू, बाकीची कामं तिच्यासाठी थांबतात. तिथलीच संख्या रोज मोजली की पुरे, बाकीची आठवड्याला. याला निर्णायक बिंदूंवर नियंत्रण म्हणतात. आणि मालकाला रोजचा प्रत्येक आकडा कळवायची गरज नाही. १९० ते २१० च्या दरम्यान असेल तर सुपरवायझरने बघावं, त्याबाहेर गेलं तरच मालकाकडे न्यावं. फ्रेडरिक टेलरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेलं अपवादाचं तत्त्व ते हेच. एखाद्या दिवशी १६० आले तर तो योगायोग असू शकतो. सलग तीन दिवस आले तर कारण शोधायलाच हवं. आपल्या नमुन्यात कारणाचा शोध बाराव्या नव्हे, तिसऱ्या दिवशी सुरू व्हायला हवा होता.

आता तुझ्या मैत्रिणींच्या सल्ल्याबद्दल. उतारा खरोखरच नसेल तर काही प्रश्न सोडवायचेच नाहीत. ‘उताऱ्यातील संबंधित ओळी उद्धृत करा’ असा प्रश्न असला तर तो सोडून द्यायचा, ओळी बनवून लिहायच्या नाहीत. प्रत्यक्ष परीक्षेत पेपरवर उतारा छापलेला नसेल, तर पहिल्या पाच मिनिटांतच पर्यवेक्षकांना सांग आणि इतर वर्गांतही तसंच आहे का ते विचारायला लाव. अनेकदा दुरुस्ती वाचून दाखवली जाते किंवा फळ्यावर लिहिली जाते. तोपर्यंत पेपरातले दुसरे प्रश्न सोडव. काहीच आलं नाही, तर उत्तराच्या सुरुवातीला ‘उतारा उपलब्ध नसल्याने पुढील परिस्थिती गृहीत धरली आहे’ असं लिहून दोन-तीन ओळींत परिस्थिती मांड, आणि पुढचं सगळं उत्तर त्या परिस्थितीला धरूनच लिही. गृहीतक लिहायचं विसरलीस तर तपासणाऱ्याला तुझे आकडे हवेतून आलेले वाटतील.

सरावासाठी मात्र एक काम कर. वरच्या तिन्ही शक्यतांचे तीन वेगवेगळे उतारे लिही, प्रत्येकी सात-आठ ओळींचे. आकडे तेच ठेव, फक्त कारणाचं वाक्य बदल. मग तुझ्याकडे उरलेले चारही प्रश्न तिन्ही उताऱ्यांवर सोडव. तिसरं उत्तर जवळपास तसंच राहील. पहिल्यात चुकलेलं गृहीतक बदलेल, दुसऱ्यात कारण बदलेल आणि चौथं पूर्ण नव्याने लिहावं लागेल. चौथं उत्तर तिन्ही उताऱ्यांवर सारखंच आलं, तर समज की तू उतारा वाचलाच नाहीस, पुस्तकच लिहिलंस.

पुढेमागे खरा उतारा हाती आला तर तो वाचताना आधी तीन गोष्टी पेन्सिलने अधोरेखित कर: ठरवलेला आकडा, झालेला आकडा आणि काम कमी का पडलं हे सांगणारं वाक्य. ते वाक्य बहुतेक वेळा सरळ ‘कारण’ म्हणून येत नाही. ‘यंदा शाळेने गणवेशाची रचना बदलली होती’ असं ते उताऱ्याच्या मध्यात सहज टाकलेलं असतं, आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं.